बोन मॅरो तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉक्टरांनी ‘बोन मॅरो’ करायला सांगितले आहे. म्हणजे नेमके काय करतात?

हाडाच्या आतील पोकळीत जो मऊ गर असतो त्याला अस्थिमज्जा म्हणतात. रक्तातील तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तेथेच तयार होतात. मटणाच्या नळीतला मगज बहुतेकांनी पाहिलेला असतो, पण तो पिवळसर मगज मुख्यतः चरबीचा असतो. प्रौढ माणसाच्या हातापायांच्या लांब हाडांतही बहुतांशी अशीच चरबी असते. रक्त तयार करणारी लाल मज्जा मोठेपणी कटीचे हाड, छातीचे हाड, मणके आणि बरगड्या अशा ठिकाणी उरते. म्हणून या तपासणीसाठी कटीच्या हाडाचा मागचा भाग निवडला जातो.

या तपासणीत दोन प्रकारचे नमुने घेतात. पहिल्यात सुईला सिरिंज लावून मज्जेचा पातळ भाग शोषून घेतात, त्याला ॲस्पिरेशन म्हणतात. दुसऱ्यात जाड, पोकळ सुईने हाडासकट मज्जेचा एक लहान दंडगोल तुकडा काढतात, ती बायोप्सी. दोन्ही बहुधा एकाच वेळी, कातडीच्या एकाच छिद्रातून होतात. त्यामुळे संमतिपत्रावर दोन नावे दिसली तरी दोन वेगवेगळ्या शस्त्रक्रिया होणार आहेत असे समजू नये.

रक्ताच्या तपासणीतून हे कळत नाही का?

पुष्कळदा कळते, आणि तसे कळत असेल तर मज्जा काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लोहाच्या कमतरतेमुळे हिमोग्लोबिन कमी असेल तर रक्तातील फेरिटिनवरून निदान होते. ज्यांच्या आहारात मांस, अंडी नाहीत आणि दूधही फारसे नाही, अशा अनेकांच्या तिन्ही प्रकारच्या पेशी बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावी कमी झालेल्या असतात. काचेवर पसरलेल्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या आकाराच्या तांबड्या पेशी आणि केंद्रकाचे पाचसहा तुकडे झालेल्या पांढऱ्या पेशी दिसल्या व बी-१२ची पातळी कमी आली, तर तेथे सुईची गरज उरत नाही.

अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. थकवा येतो म्हणून आधीच कोणीतरी बी-१२ची दोनचार इंजेक्शने दिलेली असतात. मग रक्तातील पातळी भरपूर येते आणि तिचा उपयोग राहत नाही. इंजेक्शननंतर एकदोन दिवसांतच मज्जेतील पेशींचे रूपही पूर्ववत होऊ लागते, त्यामुळे त्यानंतर काढलेली मज्जा खरे कारण झाकून टाकू शकते. म्हणून गेल्या महिनाभरात कोणती इंजेक्शने आणि गोळ्या घेतल्या हे डॉक्टरांना सांगा, ‘फक्त ताकदीचे’ म्हणून घेतलेले इंजेक्शनसुद्धा.

कारण रक्तातून उलगडत नाही तेव्हा मज्जा काढावी लागते. तिन्ही पेशी कमी असून त्याचे कारण सापडत नाही, काचेवर अपरिपक्व पेशी दिसतात, ल्युकेमिया किंवा मायलोमा या रक्ताच्या कर्करोगांची शंका आहे, लिम्फोमा हा लसिकाग्रंथींचा कर्करोग मज्जेपर्यंत पोहोचला आहे का हे पाहायचे आहे, किंवा अनेक आठवडे ताप आहे आणि क्षयरोग, काळा आजार यांचा शोध घ्यायचा आहे, अशी ती परिस्थिती असते.

सुई पाठीच्या कण्यात घालतात ना? लकवा तर होणार नाही?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. त्याचे मूळ ‘पाठीतले पाणी काढणे’ या अगदी वेगळ्या तपासणीत आहे. त्या तपासणीत सुई दोन मणक्यांच्या मधून जाते आणि मेंदूभोवतीचा द्रव काढला जातो. येथे सुई मणक्यात जात नाही आणि माकडहाडातही जात नाही. कमरेखाली पाठीच्या दोन्ही बाजूंना कातडीत जे लहान खळगे दिसतात, त्यांच्याजवळ कटीच्या हाडाचा एक उंचवटा बोटाला लागतो. सुई तेथे, म्हणजे मधल्या रेषेपासून काही अंतरावर बाजूला, हाडात शिरते. मज्जारज्जू त्या जागी नसतो. शिवाय मराठीत ‘मज्जा’ आणि ‘मज्जारज्जू’ हे शब्द इतके सारखे आहेत की घोटाळा होणारच; पहिल्यात रक्त तयार होते, दुसरा मज्जासंस्थेचा भाग आहे.

क्वचित छातीच्या मधल्या हाडातून फक्त द्रव शोषून घेतात, उदाहरणार्थ रुग्णाला कुशीवर वळवता येत नसेल तेव्हा. छातीच्या हाडातून तुकडा मात्र कधीही काढत नाहीत, कारण ते हाड पातळ असते आणि त्याच्या मागे हृदय व मोठ्या रक्तवाहिन्या असतात.

तपासणीपूर्वी काय तयारी करावी?

फक्त जागेपुरती भूल द्यायची असेल तर उपाशी राहण्याची गरज नसते. हलका नाश्ता करून यावे. झोपेचे औषध शिरेतून द्यायचे ठरले असेल तर किती तास उपाशी राहायचे ते रुग्णालय सांगते आणि सोबत घरचे माणूस लागते.

महत्त्वाची बाब औषधांची आहे. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा रक्त पातळ करणारी नवी औषधे चालू असतील तर ती सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाने घाबरून गोळ्या थांबवल्या तर तपासणीपेक्षा मोठा धोका ओढवतो. भुलीच्या औषधाची ॲलर्जी, घरात कोणाला हिमोफिलिया असणे, दात काढल्यावर रक्त न थांबणे, यांपैकी काही असेल तर तेही आधी सांगावे.

टेबलावर प्रत्यक्ष काय घडते?

तुम्हाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन किंवा पालथे झोपवतात. डॉक्टर हाडाचा उंचवटा चाचपून जागा ठरवतात, ती औषधाने स्वच्छ करतात आणि भोवती निर्जंतुक कापड अंथरतात. मग लिग्नोकेन हे भुलीचे औषध आधी कातडीत आणि नंतर हाडाच्या आवरणावर देतात. कातडीत ते चुरचुरते. हाडाच्या आवरणाला वेदना फार जाणवतात, म्हणून तेथे औषध नीट पसरवणे आणि त्यानंतर दोनतीन मिनिटे थांबणे आवश्यक असते. घाईत हा वेळ वाचवला तर पुढचे सगळे त्रासाचे होते. टोचल्यासारखे तीक्ष्ण काही जाणवत असेल तर मोकळेपणाने सांगा, आणखी औषध देता येते.

त्यानंतर कातडीला दोनतीन मिलिमीटरचा छेद देऊन ॲस्पिरेशनची सुई आत घालतात. तिच्या आत एक भरीव काडी असते, म्हणून हाडाचा चुरा सुईत अडकत नाही. डॉक्टर सुई फिरवत फिरवत दाबतात आणि हाडाचे कठीण कवच ओलांडले की एकदम सैल झाल्यासारखे त्यांच्या हाताला कळते. सुई हाडात घट्ट उभी राहिली की काडी काढून सिरिंज लावतात व जोराने ओढतात.

यातला पहिला अर्धा मिलिलीटर सर्वांत मोलाचा असतो. तेवढ्यातच मज्जा दाट असते; त्यानंतर ओढत राहिले की आजूबाजूचे रक्त येऊन मिसळते. म्हणून पहिला थोडासा नमुना ताबडतोब काचांवर टाकतात. तंत्रज्ञ काच तिरकी धरतात, रक्त खाली ओघळते आणि मागे रव्याच्या कणांसारखे बारीक, चकाकणारे दाणे उरतात. हे दाणे म्हणजे मज्जा. ते दिसले की तंत्रज्ञ मान हलवतात आणि डॉक्टर पुढच्या कामाला लागतात. न दिसल्यास सुईची जागा किंचित बदलून पुन्हा ओढावे लागते. काचांचे काम झाल्यावर पेशींचे प्रकार ओळखणारी फ्लो सायटोमेट्री, गुणसूत्रे किंवा जनुकांच्या तपासणीसाठी आणखी काही मिलिलीटर वेगवेगळ्या नळ्यांत घेतात.

हा क्रम उलटा झाल्याने वाया गेलेला एक नमुना माझ्याकडे आला होता. पहिल्याच ओढीत पाच मिलिलीटर घेऊन ते सगळे एका नळीत भरले होते आणि काचा नंतर त्या नळीतून केल्या होत्या. काचेवर जवळपास रक्तच होते, दाणा एकही नव्हता. त्या बाईंना दुसऱ्यांदा टेबलावर झोपावे लागले.

शेवटी त्याच छेदातून, पण हाडावर थोड्या अंतरावर, बायोप्सीची सुई घालतात. ही बहुधा जमशिदी सुई असते. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या या रचनेत सुईचे टोक निमुळते असते, त्यामुळे आत आलेला तुकडा निसटत नाही आणि तो मागच्या रुंद बाजूने ढकलून काढावा लागतो. सुई उलटसुलट फिरवत सुमारे दोन सेंटीमीटर आत नेतात आणि थोडी हलवून तुकडा मुळापासून सोडवतात. हातात येतो तो आगकाडीएवढ्या जाडीचा तुकडा. तो फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी पुष्कळ ठिकाणी एका काचेवर हलकेच टेकवतात किंवा लोळवतात. या ‘ठशा’चे महत्त्व पुढे येईल.

सगळे मिळून वीस ते तीस मिनिटे लागतात. त्यात सुई हाडात असते तो काळ थोडाच असतो.

किती दुखते? खरे सांगा.

‘अजिबात दुखत नाही’ असे सांगणे मला पटत नाही, कारण त्यानंतर रुग्णाचा आपल्यावरचा विश्वास उडतो. कातडी आणि हाडाचे आवरण बधिर करता येते. हाडाच्या आतला भाग बधिर करता येत नाही. त्यामुळे सिरिंज ओढतात त्या क्षणी मांडीपर्यंत जाणारी, आतून काहीतरी खेचून घेतल्यासारखी एक विचित्र कळ येते. ती काही सेकंद टिकते आणि ओढणे थांबताच जाते. डॉक्टरांना ‘ओढण्याआधी सांगा’ अशी विनंती जरूर करा. तुकडा काढताना कळेपेक्षा दाब जास्त जाणवतो. नंतरचे दुखणे पडल्यावर कमरेला मार बसतो तसे असते आणि दोनतीन दिवसांत कमी होते.

प्लेटलेट वीस हजारच आहेत. मग ही तपासणी करणे धोक्याचे नाही का?

प्लेटलेट कमी का झाल्या हेच शोधण्यासाठी बहुतेक वेळा ही तपासणी करतात, म्हणून केवळ तेवढ्या कारणाने ती टाळत नाहीत. हाड वरच असल्याने तेथे बाहेरून दाबता येते. प्लेटलेट कमी असल्यास जास्त वेळ दाबून धरतात. रक्त गोठवणाऱ्या घटकांचा दोष, उदाहरणार्थ हिमोफिलिया, असेल तर मात्र तो आधी दुरुस्त करावा लागतो.

गंभीर त्रास विरळ आहेत. ब्रिटनमध्ये १९९५ ते २००१ या काळातील सुमारे ५५,००० बायोप्सींचा आढावा घेतला तेव्हा २६ रुग्णांत गुंतागुंत नोंदली गेली आणि त्यांतील १४ जणांना रक्तस्राव झाला होता. संख्या लहान असली तरी कमरेत किंवा नितंबात खोलवर होणारा रक्तस्राव बाहेर दिसत नाही, हे लक्षात ठेवावे.

‘सुईत काही आलेच नाही’ असे सांगितले. तपासणी फसली का?

याचे उत्तर एका रुग्णाच्या हकिगतीतून देतो. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. साठी ओलांडलेले एक शेतकरी सहा महिन्यांपासून थकवा आणि डाव्या बरगडीखाली जडपणा घेऊन आले. हिमोग्लोबिन ७.४, पांढऱ्या पेशी ३,२०० आणि प्लेटलेट ६८,००० होत्या. बी-१२ची इंजेक्शने दोन महिने झाली होती, फरक नव्हता. प्लीहा, म्हणजे डाव्या बाजूचे पानथरी हे इंद्रिय, बेंबीच्या जवळपास आलेले होते. रक्ताच्या काचेवर अश्रूच्या थेंबासारख्या एका टोकाला निमुळत्या तांबड्या पेशी होत्या आणि ज्यांनी मज्जेतच राहायला हवे अशा अपरिपक्व पेशीही रक्तात आलेल्या दिसत होत्या.

ॲस्पिरेशनसाठी दोनदा जागा बदलूनही सिरिंज कोरडी राहिली. बाहेर बसलेल्या मुलाला हे कळल्यावर तो रागावला, आणि त्याचे बोलणे अगदी रास्त होते: “अण्णांना एवढं टोचलं, पैसे भरले, आणि हाती काहीच नाही?”

हाती होते. सुई योग्य जागी असूनही मज्जा न येणे याला ‘ड्राय टॅप’ म्हणतात, आणि ती स्वतःच एक खूण असते. मज्जेत तंतूंचे जाळे झाले असेल, किंवा कर्करोगाच्या पेशी ठासून भरल्या असतील, तर शोषून काहीच येत नाही. भिजलेल्या वाळूतून पाणी येते, सिमेंट धरलेल्या वाळूतून येत नाही, तसे ते असते. अशा वेळी तुकडा कामाला येतो. अण्णांचा तुकडा दोन सेंटीमीटरचा होता. आधी त्याचा ठसा घेतल्याने त्याच संध्याकाळी पेशी पाहता आल्या आणि त्यात ल्युकेमियाच्या पेशींची गर्दी नाही हे कळले. पाच दिवसांनी रेटिक्युलिन रंगाने तंतूंचे दाट जाळे दिसले. जनुक तपासणीची मज्जेची नळी भरता आली नव्हती, पण जॅक-२ हा दोष हाताच्या शिरेतील रक्तातही शोधता येतो; तो सापडला आणि मायलोफायब्रोसिस, म्हणजे मज्जेत तंतू वाढण्याचा आजार, हे निदान पक्के झाले.

फक्त ॲस्पिरेशन केले असते तर ‘नमुना अपुरा’ एवढाच अहवाल हाती पडला असता. उलट, ल्युकेमियाच्या पेशी कोणत्या जातीच्या आहेत, केंद्रक कसे आहे, दाणे कसे आहेत हे काचेवरच उत्तम दिसते, तुकड्यात तितके दिसत नाही. द्रवातून एकेका पेशीचा चेहरा कळतो, तर तुकड्यातून त्या पेशींची वस्ती कशी वसली आहे ते कळते. खर्च वाचवण्यासाठी ‘एकच करू’ असे कोणी सुचवले तर तुमच्या शंकेसाठी कोणते गरजेचे आहे ते विचारून घ्या.

मात्र प्रत्येक कोरडी सिरिंज आजाराची खूण नसते. सुई हाडाच्या कवचातच राहिली किंवा तिरकी गेली तरी काही येत नाही. म्हणूनच जागा बदलून पाहतात.

अहवाल कधी मिळतो आणि त्यात काय पाहावे?

काचांचा अहवाल साधारण एकदोन दिवसांत मिळतो. तुकड्यात हाड असते, ते कापण्याआधी रसायनात ठेवून मऊ करावे लागते, म्हणून त्याला पाच ते सात दिवस लागतात आणि विशेष रंग किंवा मार्कर लावायचे झाल्यास आणखी. गुणसूत्रे व जनुकांचा अहवाल दोन-तीन आठवड्यांनीही येऊ शकतो. त्यामुळे पहिल्या दिवशी हाती आलेला कागद अंतिम समजू नये.

अहवालात ‘सेल्युलॅरिटी’ असा शब्द असतो. मज्जेचा किती भाग पेशींनी व्यापला आहे आणि किती चरबीने, याचे ते प्रमाण. वय वाढते तसे ते कमी होते. ढोबळमानाने शंभरातून वय वजा केले की अपेक्षित टक्केवारी मिळते. साठ वर्षांच्या माणसात ४० टक्के हे नेहमीचे, पण पंधरा वर्षांच्या मुलात तेवढेच आले तर विचार करावा लागतो. ‘ब्लास्ट’ म्हणजे अगदी अपरिपक्व पेशी. त्या २० टक्के किंवा अधिक असल्यास बहुधा तीव्र ल्युकेमिया म्हटले जाते.

तुकड्याची लांबीही पाहा. ती दीड-दोन सेंटीमीटरपेक्षा पुष्कळ कमी असेल, किंवा त्यात नुसते हाडाचे कवचच आले असेल, तर ‘आजार दिसला नाही’ या वाक्याचे वजन कमी होते. लिम्फोमा आणि मायलोमा मज्जेत ठिकठिकाणी विखुरलेले असतात, आणि सुई नेमकी मोकळ्या जागी जाऊ शकते.

घरी गेल्यावर काय काळजी घ्यावी?

तपासणी झाल्यावर जागेवर काही मिनिटे दाबून पट्टी लावतात आणि अर्धा तास त्याच जागेवर भार देऊन पाठीवर झोपायला सांगतात. पट्टी एक दिवस कोरडी ठेवावी. अंघोळ पुसून घेण्यापुरती करावी. दुखल्यास पॅरासिटामॉल चालते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. दोन दिवस वजन उचलू नये आणि दुचाकीवरचा खडबडीत प्रवास टाळावा.

पट्टी रक्ताने भिजली तर पाठीवर झोपून त्या जागेवर भार द्यावा. दहापंधरा मिनिटांनीही रक्त थांबले नाही, नितंब किंवा कंबर वाढत्या प्रमाणात दुखू-सुजू लागली, पायाला बधिरपणा आला, चक्कर व घाम आला, किंवा ताप भरून जागा लाल झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे.

मगज काढल्याने अशक्तपणा येतो का?

येत नाही. सर्व नळ्या मिळूनही नमुना चमच्या-दोन चमच्यांएवढाच असतो आणि मज्जा तो भरून काढते.

लहान मुलांची तपासणी वेगळी असते का?

जागा बहुधा तीच असते. अगदी तान्ह्या बाळात नडगीच्या हाडातूनही नमुना घेतात. मुलांना शक्यतो झोपेचे औषध देऊनच करतात. पालकांसाठी एक सूचना विशेष महत्त्वाची आहे: ताप, सांधेदुखी किंवा कमी प्लेटलेटसाठी मुलाला स्टिरॉइड दिले गेले असेल तर ते सांगा. स्टिरॉइडने ल्युकेमियाच्या पेशी तात्पुरत्या दबतात आणि मज्जेत त्या दिसत नाहीत. मग निदान काही आठवडे लांबते. ल्युकेमियाचे उपचार सुरू झाल्यावर पहिल्या टप्प्याच्या शेवटी पुन्हा मज्जा काढतात, ती उरलेल्या अगदी थोड्या पेशी शोधण्यासाठी. ‘आधीची चुकली म्हणून पुन्हा’ असा त्याचा अर्थ नसतो.

दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे आहे. पुन्हा सुई टोचावी लागेल का?

सहसा नाही. रंगवलेल्या काचा आणि तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा प्रयोगशाळेत जपून ठेवलेला असतो. लेखी अर्ज करून तो मागता येतो आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतो. त्याच ठोकळ्यातून नवे छेद घेऊन आणखी रंगही लावता येतात. रक्ताच्या काचा, त्या वेळचा रक्ताचा अहवाल आणि घेतलेल्या औषधांची यादी सोबत द्यावी. ठोकळा पोस्टाने न पाठवता शक्यतो हाती न्यावा आणि परत आणून द्यावा, कारण तो हरवला तर मात्र पुन्हा टेबलावर झोपण्याची वेळ येते.